सह्याद्रीतल्या इको-सेन्सिटिव्हचं राजपत्र: हा कायदा आहे की मसुदा, वाचून कसं ठरवायचं?

मानसी_आंबोळी · ११ ऑगस्ट २०२४, रात्री ९.४०

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. गेला आठवडाभर गावच्या ग्रुपवर पश्चिम घाटातली इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील गावं ठरवणाऱ्या केंद्राच्या राजपत्राची चार पानं फिरताहेत. त्यात तालुक्यातल्या गावांची यादी आहे, आमच्या गावाचं नाव आहे आणि वर कुणीतरी लाल अक्षरात लिहिलंय, "३१ जुलैपासून कायदा लागू, जमीन विकता येणार नाही, घर बांधता येणार नाही." सासऱ्यांनी जुन्या घराशेजारी दोन खोल्या वाढवायला अर्ज केला होता. त्यांना कार्यालयात तोंडी सांगितलं, "तुमचं गाव इको-सेन्सिटिव्हमध्ये आलंय, आता काही होणार नाही." लेखी काहीच नाही.

मी शाळेत शिकवते, कायद्याचं वाचन नाही. पण कागद स्वतः वाचून समजून घ्यायचाय. वायनाडमध्ये दरड कोसळली ३० जुलैला आणि हे निघालं दुसऱ्याच दिवशी, त्यामुळे घाईने कायदा केला असं सगळे म्हणताहेत. राजपत्रात छापून आलं म्हणजे कायदा झालाच ना? आणि शेवटी सही कुणाची आहे तेही नीट कळत नाही.

---

शिरगावचा_सचिन · ११ ऑगस्ट, रात्री १०.१५

राजपत्रासाठी एवढं घाबरायचं कारण नाही. मी मागच्या वर्षी नावातला बदल छापून घेतला. ऑनलाइन अर्ज, जुनं नाव, नवं नाव, फी, आणि काही दिवसांत पीडीएफ आली. ती बँकेत चालली, पासपोर्टला चालली. तुमचीही पीडीएफ खरी असेल तर सगळीकडे चालणार.

---

रोखठोक_राजा · ११ ऑगस्ट, रात्री १०.५२

सचिन, तो राजपत्राचा वेगळा भाग, इथे त्याचा संबंध नाही.

मानसी, हा मसुदा आहे. २०१४ पासून दर दोन वर्षांनी निघतो आणि मरतो. मसुद्याला शून्य किंमत. फाडून फेका आणि बांधकाम सुरू करा.

---

टिपणीकार · १२ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मंत्रालयात अधिसूचनांचे मसुदे तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. राजा यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यावर विसंबून कुणी बांधकाम किंवा खाण सुरू केली तर अंगाशी येईल. त्याकडे शेवटी येतो.

मानसीताई, ग्रुपवरची चार पानं बाजूला ठेवा. ती शेवटची, म्हणजे यादीची पानं आहेत आणि अधिकाराचं वाक्य असतं पहिल्या पानावर. egazette.gov.in वर जाऊन पूर्ण पीडीएफ उतरवा. पर्यावरण मंत्रालय, असाधारण, भाग २, खंड ३, उपखंड (ii), तारीख ३१ जुलै २०२४. पहिल्या पानाच्या माथ्यावर `CG-DL-E-31072024` अशी सुरुवात असलेला क्रमांक दिसेल. त्यातला E असाधारण अंकाचा आणि पुढचे आठ आकडे तारखेचे. ग्रुपवर आलेल्या पानांचा अंक आणि हा अंक एकच आहे का ते आधी पाहा, कारण २०१८ आणि २०२२ च्या मसुद्यांची पानंही अजून फिरतात आणि यादीचं पान पाहून वर्ष ओळखता येत नाही.

आता हिंदी भाग संपून इंग्रजी सुरू होतो तिथला पहिला परिच्छेद वाचा. केंद्र सरकार अमुक कलमाने मिळालेले अधिकार वापरून "जी अधिसूचना काढू इच्छिते" तिचा मसुदा, पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या नियम ५ च्या पोटनियम (३) नुसार, बाधित होऊ शकणाऱ्या जनतेच्या माहितीसाठी प्रसिद्ध करत आहे, असं त्यात आहे. पुढे म्हटलंय की राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून ६० दिवस संपल्यावर मसुदा विचारात घेतला जाईल. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. "काढू इच्छिते" म्हणजे अजून काढलेली नाही.

गोंधळ होतो तो पुढे. या परिच्छेदाखाली "मसुदा अधिसूचना" असं शीर्षक येतं, मग "ज्याअर्थी" ने सुरू होणारे परिच्छेद, आणि मग "त्याअर्थी आता... केंद्र सरकार याद्वारे अधिसूचित करते" अशी ठाम भाषा. ते अंतिम अधिसूचनेचं आगाऊ लिहून ठेवलेलं रूप आहे. पान मधूनच उघडलं की वाटतं सरकारने जाहीर करून टाकलं. पहिला परिच्छेद सोडला तर मसुदा आणि अंतिम यांची भाषा जवळजवळ सारखीच दिसते.

---

मानसी_आंबोळी · १२ ऑगस्ट, दुपारी १.०५

टिपणीकार काका, पूर्ण फाइल मिळाली. तुम्ही म्हणता तसंच वाक्य आहे. कलमं दिली आहेत ती अशी: पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६, कलम ३ चं पोटकलम (१), पोटकलम (२) चे खंड (v) व (xiv), आणि पोटकलम (३). ही कलमं खरंच असं काही करायला परवानगी देतात का, हे कसं पाहायचं?

---

टिपणीकार · १२ ऑगस्ट, सायंकाळी ६.२०

मूळ अधिनियम समोर ठेवायचा आणि एकेक कलम ताडून पाहायचं. अधिनियम छोटा आहे, तासाभरात वाचून होतो.

३(१) केंद्राला पर्यावरण रक्षणासाठी आवश्यक वाटतील ते उपाय करण्याचा सर्वसाधारण अधिकार देतं. ३(२) मध्ये त्या उपायांची यादी आहे आणि खंड (v) आपल्या कामाचा: कोणत्या क्षेत्रात कोणते उद्योग, कामं किंवा प्रक्रिया चालणार नाहीत, किंवा काही अटींवरच चालतील, हे ठरवणं. (xiv) म्हणजे "इतर बाबी". ३(३) प्राधिकरणं नेमण्याबद्दल आहे, देखरेखीच्या तरतुदींपुरतं ते लागतं.

खंड (v) मध्ये उद्योग, काम आणि प्रक्रिया यांवरचं बंधन आहे. जमिनीची मालकी बदलण्यावर बंदी घालायचा अधिकार त्यात नाही, आणि मसुद्यातही तशी बंदी घातलेली नाही. तुमच्या ग्रुपवरच्या लाल अक्षरांना कागदात आधार नाही. मसुद्यात बंदी कशावर आहे ते पाहा: खाणकाम, दगडखाण आणि वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, लाल वर्गातले, म्हणजे जास्त प्रदूषण करणारे नवे उद्योग, २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामं, आणि ५० हेक्टर किंवा १,५०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढच्या वसाहती. २०,००० चौरस मीटर म्हणजे सुमारे दोन लाख पंधरा हजार चौरस फूट. तुमच्या सासऱ्यांच्या दोन खोल्या त्यात कुठे येतात? उलट राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ, नूतनीकरण करता येईल असं मसुद्यातच लिहिलंय.

कलम नुसतं छापलंय म्हणून ते पुरेसं आहे असं धरू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. इथे कलमाबरोबर एक वाट घालून दिली आहे: नियम ५(३). आधी हेतू जाहीर करायचा, हरकतींना ६० दिवस द्यायचे, मग ठरलेल्या मुदतीत हरकतींचा विचार करून अंतिम अधिसूचना काढायची. पोटनियम (४) मध्ये सार्वजनिक हितासाठी ही पूर्वसूचना टाळायची सोयही आहे. ती वापरली असेल तर अधिसूचनेच्या आरंभी तसं नमूद केलेलं असतं. तुमच्या कागदात तसं काही नाही, म्हणजे सरकार लांबच्या वाटेने चाललं आहे.

---

ॲड_वैशाली · १२ ऑगस्ट, रात्री ९.१०

टिपणीकारांच्या विवेचनात एक भर घालते. कलमाचा आकडा चुकीचा छापला म्हणून अधिसूचना आपोआप पडत नाही. अधिकार दुसऱ्या कलमात खरोखर असेल तर न्यायालयं चुकीच्या उल्लेखाकडे दुर्लक्ष करतात. त्यामुळे आकड्यातली चूक सापडली की जिंकलो, असं पक्षकारांनी समजू नये. खरा प्रश्न असतो तो अटींचा. ६० दिवस दिले का, मुदतीत काढली का.

आणि वायनाडबद्दल. "ज्याअर्थी" चे परिच्छेद वाचा. त्यात पश्चिम घाटाचं वर्णन आहे, गाडगीळ समिती आहे, १७ ऑगस्ट २०१२ ला नेमलेला कस्तुरीरंगन कार्यगट आहे, त्याचा १५ एप्रिल २०१३ चा अहवाल आहे आणि आधीचे मसुदे आहेत. दुर्घटनेवरून हा मसुदा निघाला असं म्हणायला या मजकुरात जागा नाही. उद्या कोर्टात गेलात तर सरकार याच परिच्छेदांवर उभं राहील, म्हणून हरकत लिहिताना त्यांनाच उत्तर द्या.

---

रोखठोक_राजा · १२ ऑगस्ट, रात्री ९.४५

म्हणजे मी म्हटलं तेच. मसुदा, बंधनकारक नाही.

---

चिरेवाला_मालवणी · १२ ऑगस्ट, रात्री १०.३०

माझा प्रश्न वेगळा आहे. आमची सिंधुदुर्गात जांभ्याची खाण आहे, वडिलांपासून चिरे काढतो. परवान्याचं नूतनीकरण अडलंय. कार्यालय म्हणतं गाव यादीत आहे. मसुदा बंधनकारक नसेल तर मला अडवतात कशाच्या आधारावर?

---

टिपणीकार · १३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

राजा, आता येतो तुमच्या उरलेल्या अर्ध्याकडे.

चिरेवाले, तुम्हाला अडवणारा कागद बहुधा वेगळाच आहे. १३ नोव्हेंबर २०१३ रोजी पर्यावरण मंत्रालयाने याच अधिनियमाच्या कलम ५ खाली निर्देश काढले. कलम ५ केंद्राला थेट हुकूम द्यायचा अधिकार देतं आणि तो हुकूम ज्या अधिकाऱ्याला किंवा प्राधिकरणाला दिला त्याच्यावर बंधनकारक असतो. कार्यगटाने दाखवलेल्या क्षेत्रात वर सांगितलेल्या त्याच पाच प्रकारांच्या नव्या प्रकल्पांना मंजुरी देऊ नका, असा तो निर्देश. १७ एप्रिल २०१३ ला कार्यगटाचा अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला, त्याआधी दाखल झालेली प्रकरणं तेवढी वगळली होती.

म्हणजे राजपत्रातला मसुदा बंधनकारक नाही, आणि त्याच्या बाहेरचा एक साधा दिसणारा निर्देश बंधनकारक आहे. फक्त मसुदा वाचून "शून्य किंमत" म्हणणारा इथे फसतो. दोन खोल्यांच्या घराला यातलं काहीच लागत नाही. दगडखाणीला लागू शकतं.

---

चिरेवाला_मालवणी · १३ ऑगस्ट, सकाळी ९.०२

पण माझी नवी खाण नाही, नूतनीकरण आहे. आणि जांभा हे गौण खनिज.

---

ॲड_वैशाली · १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

गौण खनिज म्हणून सुटका होईल असं मला वाटत नाही, कारण निर्देशाच्या शब्दांत दगडखाण आणि वाळूउपसा दोन्ही आहेत. नूतनीकरण "नवं" धरायचं की नाही, यावर मात्र वाद होऊ शकतो. तुमचा मूळ परवाना, क्षेत्र आणि पर्यावरण मंजुरी पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही. मसुद्यात चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, जे आधी होईल तेव्हा, बंद करायच्या आहेत. अंतिम अधिसूचनाच नाही, म्हणून ती पाच वर्षं अजून सुरू झालेली नाहीत. नकार लेखी घ्या आणि त्यात कोणत्या कागदाचा आधार घेतलाय ते लिहून मागा. २०१३ चा निर्देश लिहिला तर एक लढाई, मसुदा लिहिला तर ती पुष्कळ सोपी.

---

मानसी_आंबोळी · १३ ऑगस्ट, दुपारी ३.२०

यादीबद्दल विचारते. आमच्या शेजारी शेजारी दोन महसुली गावं आहेत, एक बुद्रुक आणि एक खुर्द. यादीत मला फक्त खुर्द दिसतंय, आणि आम्ही राहतो बुद्रुकात. ग्रुपवर सगळ्यांनी आपलंच समजलं. शिवाय आमची धनगरवाडी डोंगरात आहे, तिचं नाव कुठेच नाही.

---

टिपणीकार · १३ ऑगस्ट, सायंकाळी ६.५०

ताई, हे तुम्ही फार बारकाईने पाहिलंत. जोडपत्र वाचताना जिल्हा, तालुका आणि गाव हे तिन्ही रकाने एकत्र जुळले पाहिजेत. तुमच्या सातबाऱ्यावर गावाचं नाव जसं आहे तसं घ्या, बोलीतलं नको. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही याद्या पाहा, कारण इंग्रजीतून देवनागरीत येताना नावांची मोडतोड होते. वाडीचं नाव शोधू नका. एकक महसुली गाव आहे, त्यामुळे वाडी ज्या गावच्या शिवारात, त्या गावाबरोबर ती आत किंवा बाहेर.

गाव यादीत आलं कसं तेही समजून घ्या, हरकतीसाठी उपयोगी पडेल. कार्यगटाने उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक भूभाग आणि शेती-वस्तीचा भूभाग वेगळा काढला. ज्या गावाच्या क्षेत्रफळापैकी २० टक्के किंवा जास्त भाग पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील निघाला, ते संपूर्ण गाव यादीत घेतलं. म्हणून बुद्रुक बाहेर आणि लागून असलेलं खुर्द आत, हे अगदी शक्य आहे, त्यात छपाईची चूक असेलच असं नाही. सगळ्या राज्यांचं मिळून मसुद्यातलं क्षेत्र ५६,८०० चौरस किलोमीटरच्या पुढे आहे, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१.

खुर्दच्या लोकांना हरकत घ्यायची असेल तर "आमच्यावर अन्याय" एवढंच लिहून भागणार नाही. गावाचं एकूण क्षेत्र किती, त्यात वन किती, लागवडीखाली किती, याचे तलाठ्याकडचे आकडे जोडा आणि २० टक्क्यांचा निकष बसतो की नाही ते मांडा.

---

काजूबाग · १३ ऑगस्ट, रात्री ८.४०

आम्हाला तर उलट गाव यादीत हवंय. डोंगरापलीकडे खाण येऊ घातली आहे आणि आमच्या झऱ्याला पाणी त्याच डोंगराचं. हरकत फक्त विरोधाचीच घेतात का?

---

ॲड_वैशाली · १३ ऑगस्ट, रात्री ९.१५

नाही, कागदात "हरकती किंवा सूचना" असे शब्द आहेत. गाव घालण्याची मागणीही तितकीच ग्राह्य. पत्ता आणि ईमेल मसुद्यातच दिलाय. ६० दिवस प्रती उपलब्ध झाल्यापासून मोजायचे, पण जोखीम नको म्हणून ३१ जुलैपासूनच मोजा आणि २९ सप्टेंबरच्या आत पोच मिळवा.

---

मानसी_आंबोळी · १४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

आता सहीचं. इंग्रजी भागाच्या शेवटी फाइल क्रमांक, अधिकाऱ्याचं नाव आणि पद "शास्त्रज्ञ". सचिव नाही, मंत्री नाही. त्याखाली हिरव्या खुणेची डिजिटल सही आहे, ती मात्र दुसऱ्याच कुणाची. गावात एक जण म्हणतो सहीचा मेळ नाही म्हणून सगळं बोगस.

---

टिपणीकार · १४ ऑगस्ट, सकाळी ९.४५

बोगस नाही. खालची डिजिटल सही मुद्रणालयाच्या अधिकाऱ्याची असते. हा अंक आम्हीच प्रसिद्ध केला आणि त्यानंतर फाइलमध्ये बदल झालेला नाही, एवढंच ती सांगते. मजकुराची जबाबदारी वरच्या नावाची, चौकोनी कंसातल्या फाइल क्रमांकाखाली असतं त्याची. तिथे शाईची सही दिसत नाही, छापील नाव येतं. सही मंत्रालयातल्या मूळ प्रतीवर असते.

मंत्री सही करत नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद ७७(२) खाली राष्ट्रपतींनी २००२ मध्ये अधिप्रमाणनाचे, म्हणजे सरकारी आदेशांवर सही कुणी करायची याचे नियम केले. त्यात सचिवापासून अवर सचिवापर्यंतचे अधिकारी सरसकट आहेत, आणि काही मंत्रालयांसाठी इतर अधिकारी वेगळे नेमून दिलेत. पर्यावरण मंत्रालयाच्या अशा अधिसूचनांवर शास्त्रज्ञ श्रेणीचे अधिकारी नेहमीच दिसतात.

---

ॲड_वैशाली · १४ ऑगस्ट, सकाळी १०.२०

"नेहमीच दिसतात" हा कायदेशीर आधार होत नाही. त्या दिवशी त्या पदाचं नाव नियमांच्या यादीत होतं का, हे तपासायलाच हवं. पण तपासून नाव सापडलं नाही तरी फार आशा बाळगू नये. दत्तात्रय मोरेश्वर पांगारकर विरुद्ध मुंबई राज्य या १९५२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारांच्या आदेशांसाठीच्या अनुच्छेद १६६ बद्दल सांगितलंय की अधिप्रमाणनातल्या दोषाने आदेश रद्द ठरत नाही. सरकारला निर्णय खरोखर घेतल्याचं दुसऱ्या पुराव्याने दाखवावं लागतं, एवढंच. केंद्रासाठीच्या ७७ ची रचना तशीच आहे.

---

टिपणीकार · १४ ऑगस्ट, सकाळी १०.५०

मान्य. पदाचं नाव तपासायलाच हवं.

---

रोखठोक_राजा · १४ ऑगस्ट, दुपारी १२.१०

२०१३ च्या निर्देशाचं मला माहीत नव्हतं, ते मान्य. पण एक सांगा. दर वेळी मसुदा मरतो आणि पुन्हा तोच छापतात. हे चालतं कसं?

---

टिपणीकार · १४ ऑगस्ट, सायंकाळी ७.००

नियम ५(३) मध्ये हरकती विचारात घेऊन निर्णय करायला त्या काळी ५४५ दिवस होते. मोजून पाहा. पहिला मसुदा १० मार्च २०१४ चा, त्याचे ५४५ दिवस भरतात ६ सप्टेंबर २०१५ ला. दुसरा मसुदा आला ४ सप्टेंबर २०१५ ला. त्याची मुदत २ मार्च २०१७, आणि तिसरा आला २७ फेब्रुवारी २०१७ ला. दोन्ही वेळा अगदी काठावर. तिसऱ्याची मुदत २६ ऑगस्ट २०१८ ला संपली आणि चौथा निघाला ३ ऑक्टोबरला, म्हणजे मध्ये पाच आठवडे कोणताच मसुदा जिवंत नव्हता. चौथ्याची मुदत कोविडमध्ये वाढवत नेली, पाचवा ६ जुलै २०२२ चा आणि आताचा सहावा.

मुदतीत अंतिम केलं नाही तर तो मसुदा संपला, हे उघड आहे. पण नवा मसुदा काढून ६० दिवसांपासून पुन्हा सुरुवात करायला नियमात मनाई दिसत नाही. माझ्या मते दर वेळी नव्याने हरकती मागवल्या तर चालतं.

---

ॲड_वैशाली · १४ ऑगस्ट, रात्री ८.२५

माझं मत वेगळं आहे. मुदत घालून देण्यामागचा हेतू लोकांना कायम टांगणीला ठेवू नये हा होता. दहा वर्षं तोच मजकूर फिरवणं म्हणजे मुदत निरर्थक करणं, असा युक्तिवाद जोरात करता येईल. तेवढी वर्षं कलम ५ चा निर्देश मात्र चालूच आहे, हा त्यातला सगळ्यात अडचणीचा भाग.

---

मानसी_आंबोळी · १६ ऑगस्ट, सायंकाळी ५.४०

आज कार्यालयात पूर्ण पीडीएफ छापून नेली आणि लेखी कारण मागितलं. त्यांनी वेगळीच अधिसूचना काढून दाखवली, अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनची. तिच्या सुरुवातीला असं आहे की अमुक तारखेला मसुदा प्रसिद्ध केला होता, हरकती मागवल्या होत्या, त्यांचा विचार केला.

---

टिपणीकार · १६ ऑगस्ट, रात्री ८.१०

मग ती अंतिम आहे. आधीच्या मसुद्याची हकिकत "ज्याअर्थी" मध्ये आली की समजायचं वाट पूर्ण चालून झाली. ती लागू आहे आणि सह्याद्रीच्या मसुद्याशी तिचा संबंध नाही. आता दोन गोष्टी पाहा. तिच्या जोडपत्रात तुमचं बुद्रुक आहे का, आणि असेल तर तुमचा गट नंबर अभयारण्याच्या हद्दीपासून किती अंतरावर पडतो. अशा अधिसूचनांत नियमनाचा एक तक्ता असतो. त्यात हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक बांधकाम सहसा मना असतं, पण स्थानिकांना स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या वापरासाठी बांधायची मुभा बहुतेक ठिकाणी त्याच रकान्यात दिलेली असते. तुमच्या अधिसूचनेतला तो रकाना जसाच्या तसा इथे लिहा, मग अर्जात काय मांडायचं ते सांगतो.

---

मानसी_आंबोळी · १६ ऑगस्ट, रात्री ८.३५

जोडपत्रात बुद्रुक आहे. तक्ता उद्या टाइप करून टाकते, आणि भूमी अभिलेखातून नकाशाही मागवते.